शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण फी आधीच पूर्ण भरली आहे: जादा रक्कम परत मागणारा अर्ज नेमका कसा करावा

मी बरीच वर्षे एका महाविद्यालयाच्या लेखा विभागात काम केले. फी परत मागणारे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. त्यांतले निम्म्याहून जास्त अर्ज खरे असूनही अडकायचे, कारण त्यांत लिहिलेला आकडा आमच्या खतावणीशी, म्हणजे प्रत्येकाच्या जमा-देण्याच्या खात्याशी, जुळत नसे. विद्यार्थी चिडून परत जायचे आणि पुढच्या महिन्यात तोच अर्ज, त्याच आकड्यासह, पुन्हा आणून द्यायचे. म्हणून हा लेख महाराष्ट्रातल्या एकाच प्रसंगावर लिहीत आहे. प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी भरली, नंतर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्ती मंजूर झाली, तिचे पैसे महाविद्यालयाच्या खात्यात आले आणि आता तेवढी फी दोनदा जमा झाली आहे.

अर्ज लिहायला बसण्याआधी तो कोण वाचणार हे समजून घ्या. वर ‘मा. प्राचार्य’ असे लिहिलेले असते, पण प्राचार्य त्यावर फक्त ‘लेखा विभाग, तपासून सादर करा’ असा शेरा मारतात. पुढे अर्ज लेखनिकाकडे येतो. त्याला त्यावर एक टिपणी तयार करावी लागते: विद्यार्थी कोण, फी किती देय होती, किती भरली, शिष्यवृत्तीचे किती आले, जादा किती राहिले, परत करण्यास मंजुरी असावी. ती टिपणी लेखापालाकडे, मग प्राचार्यांकडे आणि खासगी संस्था असेल तर बऱ्याचदा संस्थेच्या कार्यालयात सहीला जाते. तुमच्या अर्जावरून ही टिपणी जशीच्या तशी उतरवता आली, तर फाइल पुढे सरकते. लेखनिकाला चार रजिस्टरे उघडून आकडे शोधावे लागले, तर ती बाजूला पडते. घासूनपुसून अर्ज करायचा म्हणजे त्याला हे शोधकाम करावे लागू नये, एवढेच.

आधी पैसे कोणाच्या खात्यात गेले ते पाहा

ही पायरी जवळजवळ सगळे जण गाळतात. ‘शिष्यवृत्ती मंजूर’ आणि ‘शिष्यवृत्ती महाविद्यालयाला मिळाली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजुरीनंतर रक्कम हप्त्यांनी निघते. काही योजनांत फीचा भाग महाविद्यालयाच्या खात्यात जातो, तर काहींत तो थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि फीपोटी आलेला भाग त्याने महाविद्यालयात भरायचा असतो. अशा विद्यार्थ्याने पूर्ण फी आधीच भरलेली असेल, तर ती रक्कम त्याला खात्यातच मिळाली आहे. महाविद्यालयाकडे त्या भागाचे काही जादा राहिलेले नाही आणि परताव्याचा अर्ज करण्याचे कारणही नाही.

म्हणून महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये जाऊन अर्जाची सद्यस्थिती उघडा. कोणता हप्ता, किती रकमेचा, कोणत्या तारखेला वितरित झाला ते कागदावर उतरवून घ्या आणि त्या पानाची प्रिंट काढा. व्हाउचर रिडीम करायचे राहिले असेल तर आधी ते करा, कारण ते तसेच पडून असेल तर पैसे पुढे सरकत नाहीत. मग बँकेचे पासबुक भरून आणा आणि त्याच तारखांच्या आसपास आपल्या खात्यात काही जमा झाले आहे का ते पाहा. निर्वाह भत्ता आपल्या खात्यात आला असेल तर त्याचा फीशी संबंध नाही, तो तुमचाच आहे. त्याची नोंद अर्जात आणू नका, आकडे उगीच गुंततात.

आकडा काढणे हेच खरे काम

एक प्रसंग सविस्तर घेऊ. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, खासगी विनाअनुदानित महाविद्यालय, शैक्षणिक वर्ष २०२४-२५. त्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मंजूर झाली. या योजनेत मुलांना शिक्षण शुल्काची ५० टक्के रक्कम मिळते. (परीक्षा शुल्काचाही निम्मा भाग मिळतो, पण त्याचा हिशेब वेगळा चालतो, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.) मुलींच्या बाबतीत २०२४-२५ पासून राज्य सरकारने पात्र विद्यार्थिनींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ लागू केला आहे. त्यामुळे एखादी बहीण भावाचा जुना अर्ज समोर ठेवून लिहीत असेल तर तिने टक्का बदलायला विसरू नये.

त्याची वर्षाची फी १,०२,००० रुपये होती. प्रवेशाच्या वेळी ‘आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की बघू’ असे सांगितल्यामुळे घरच्यांनी दोन टप्प्यांत सगळी भरली: १२ ऑगस्ट २०२४ ला ६०,००० आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला ४२,०००. मार्च संपता संपता तो माझ्याकडे अर्ज घेऊन आला. तो असा होता:

> विषय: फी परत मिळणेबाबत.
>
> महोदय, मी आपल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी असून माझी घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे. मला शिष्यवृत्ती मंजूर झालेली आहे. तरी नियमाप्रमाणे माझी ५०% फी म्हणजे ५१,००० रुपये लवकरात लवकर परत करावेत, ही नम्र विनंती. अन्यथा मला वरिष्ठांकडे तक्रार करावी लागेल.

वाचायला हा अर्ज चुकीचा वाटत नाही. पण लेखनिकाने तो हातात घेतला की त्याच्यापुढे प्रश्नच प्रश्न उभे राहतात. कोणते वर्ष, कोणती शाखा? कोणती शिष्यवृत्ती? ५१,००० कुठून आले? आमच्याकडे तर तेवढे आलेलेच नाहीत! मग खिडकीतून एकच उत्तर मिळते: ‘अरे बाळ, पैसे आले नाहीत अजून, आल्यावर बघू.’ हे उत्तर पूर्ण खरे नाही, पण पूर्ण खोटेही नाही. अर्जानेच त्याला जागा करून दिली आहे.

आम्ही त्याच्या पावत्या टेबलावर पसरल्या. १,०२,००० मध्ये शिक्षण शुल्क ९०,००० होते, विकास शुल्क ९,००० आणि इतर शुल्क ३,०००. शिष्यवृत्ती फक्त शिक्षण शुल्काला लागू आहे. म्हणजे निम्मी रक्कम ५१,००० नव्हे, ४५,००० होते. विकास शुल्काचा आणि इतर शुल्काचा निम्मा भाग, मिळून ६,००० रुपये, त्याने हक्क नसताना मागितला होता. लेखापालाच्या दृष्टीने अर्ज फेटाळायला एवढी चूक पुरेशी असते.

पावतीवर एकत्रच रक्कम छापलेली असेल तर अंदाज बांधू नका. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत किंवा संकेतस्थळावर त्या वर्षाची, त्या शाखेची शुल्करचना असते, ती प्रिंट करून घ्या. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. शुल्करचनेत शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळे दिसतील. तेच आकडे वापरा. आदल्या वर्षाचे वापरू नका, फी दरवर्षी बदलू शकते.

पुढे महाडीबीटीवरचे पान पाहिले. मंजूर ४५,०००, पण वितरित झालेला फक्त पहिला हप्ता: २२,५०० रुपये, १८ मार्च २०२५ ला, महाविद्यालयाच्या खात्यात. दुसरा हप्ता बाकी. म्हणजे त्या दिवशी महाविद्यालयाकडे त्याचे जादा होते ते २२,५००च. हिशेब सरळ आहे: त्याने भरलेले १,०२,००० अधिक सरकारकडून आलेले २२,५००, वजा वर्षाची देय फी १,०२,०००. लेखापाल हाच हिशेब करतो, म्हणून तुम्हीही तोच करा. पूर्ण फी भरलेली नसेल, समजा ८५,००० भरून १७,००० बाकी असतील, तर २२,५०० मधून आधी ती बाकी वळती होईल आणि परत मिळतील फक्त ५,५००. बाकी असताना पूर्ण रक्कम मागितली की ‘तुझीच थकबाकी आहे’ असे ऐकून घ्यावे लागते.

इथे तो मुलगा हिरमुसला. ५१,००० मागायला आलेल्याला २२,५०० चा अर्ज लिहायचा म्हणजे अर्ध्याहून जास्त सोडून दिल्यासारखे वाटते. पण उरलेले २२,५०० सुटत नाहीत. त्यांची मागणी त्याच अर्जात, वेगळ्या वाक्यात, ‘दुसरा हप्ता जमा झाल्यावर’ अशी नोंदवता येते. आज जे देणे आहे तेच आज मागितले, तर नाही म्हणायला कारण राहत नाही.

परत हवे की पुढच्या फीत वळते करायचे?

हे अर्जात स्पष्ट लिहिले नाही तर महाविद्यालय स्वतःच ठरवते, आणि त्याला सोयीचे असते पुढच्या वर्षाच्या फीत समायोजन करणे, कारण त्यात खात्यातून पैसे बाहेर जात नाहीत. कधी विद्यार्थ्यालाही ते चालते. तिसऱ्या वर्षाची फी तीन महिन्यांत भरायचीच आहे आणि घरात पैशांची निकड नाही, तर वळते करून घेणे हा सर्वांत लवकर होणारा मार्ग आहे. मात्र तेव्हाही लेखी मागा आणि पुढच्या पावतीवर तेवढी रक्कम ‘मागील जमा’ म्हणून दिसते का ते पाहा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मात्र समायोजनाला कधीच होकार देऊ नये, कारण वळते करायला पुढचे वर्षच नसते.

या मुलाच्या घरी फीसाठी उसने पैसे घेतले होते, म्हणून त्याला पैसे खात्यात परतच हवे होते. ते कारण अर्जात एका वाक्यात आले, त्याहून जास्त नाही. हलाखीचे वर्णन अर्जातून काढायला मी सांगतो, तेव्हा मुलांना वाईट वाटते. पण हे पैसे कोणी दया म्हणून देणार नाही. ते तुमचे आहेत आणि चुकून दुसऱ्या खात्यात पडून आहेत. विनवणीचा सूर लावला की वाचणाऱ्यालाही ही सवलत आहे असे वाटू लागते.

नियमांचे हवाले किती द्यावेत

शक्य तितके कमी. इंटरनेटवरून ‘फी रिफंड’ शोधून अनेक जण यूजीसीचे परतावा धोरण जोडतात. त्यात प्रवेश रद्द केल्यावर किती टक्के फी परत करायची ते सांगितलेले आहे. तुम्ही प्रवेश रद्द केलेला नाही, तेव्हा ते इथे लागू होत नाही. ते जोडले की लेखनिकाला वाटते मुलगा महाविद्यालय सोडतोय, आणि अर्ज भलत्याच टेबलावर जातो. तुमचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे मंजुरीची प्रिंट, वितरणाची तारीख आणि फीच्या पावत्या. पहिल्या अर्जात तक्रारीची धमकीही नको. ती पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

नीट केलेला अर्ज

त्या मुलाने शेवटी दिलेला अर्ज असा झाला. कंसातल्या जागी आपले तपशील घाला.

> दिनांक: ७ एप्रिल २०२५
>
> प्रति,
> मा. प्राचार्य,
> (महाविद्यालयाचे नाव)
>
> विषय: शैक्षणिक वर्ष २०२४-२५ चे जादा जमा शिक्षण शुल्क रु. २२,५०० परत मिळणेबाबत.
>
> संदर्भ: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, महाडीबीटी अर्ज क्र. (…)
>
> महोदय,
>
> मी द्वितीय वर्ष अभियांत्रिकी, (शाखा), हजेरी क्र. (…), प्रवेश क्र. (…) येथे शिकत आहे. २०२४-२५ ची संपूर्ण फी रु. १,०२,००० मी भरली आहे: पावती क्र. (…), दि. १२/८/२०२४, रु. ६०,०००, पावती क्र. (…), दि. २५/११/२०२४, रु. ४२,०००. माझ्याकडे कोणतीही थकबाकी नाही.
>
> वरील योजनेतून शिक्षण शुल्क रु. ९०,००० च्या ५० टक्के म्हणजे रु. ४५,००० मला मंजूर झाले आहेत. त्यापैकी पहिला हप्ता रु. २२,५०० दि. १८/३/२०२५ रोजी महाविद्यालयाच्या खात्यात वितरित झाल्याचे महाडीबीटीवर दिसते. त्यामुळे माझ्या नावे रु. २२,५०० जादा जमा आहेत.
>
> ही फी भरण्यासाठी घरच्यांनी उसनी रक्कम घेतली असल्याने ती पुढील वर्षाच्या फीत वळती न करता सोबत दिलेल्या बँक खात्यात जमा करावी, ही विनंती. दुसरा हप्ता रु. २२,५०० महाविद्यालयाच्या खात्यात जमा झाल्यावर तोही याच खात्यात परत मिळावा.
>
> आपल्या नोंदींत काही फरक आढळल्यास माझ्या खतावणीचा उतारा मिळावा, म्हणजे मी पूर्तता करू शकेन.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, मोबाइल क्रमांक)
>
> सोबत: १) दोन्ही फी पावत्यांच्या प्रती २) शुल्करचनेची प्रत ३) मंजुरी व हप्ता वितरणाची प्रिंट ४) रद्द केलेला धनादेश

विषयाच्या ओळीतच वर्ष आणि रक्कम आली आहे, ते मुद्दाम. आवक रजिस्टरमध्ये विषय जसाच्या तसा उतरवतात, त्यामुळे नंतर अर्ज शोधायला ती ओळ उपयोगी पडते. खतावणीच्या उताऱ्याची मागणी वरवर किरकोळ वाटते, पण माझ्या मते हे या अर्जातले सर्वांत कामाचे वाक्य आहे. ‘पैसे आले नाहीत’ असे तोंडी सांगणे सोपे असते. उतारा द्यायचा म्हटले की खाते उघडून पाहावेच लागते, आणि बऱ्याचदा तिथेच कळते की हप्ता आला आहे, पण कोणत्या विद्यार्थ्याचा ते न लिहिता एकत्र रकमेत जमा दाखवला आहे. अनेक विद्यार्थ्यांचे पैसे एकदम जमा झाले की हे होते. तुमच्या प्रिंटवरची तारीख आणि अर्ज क्रमांक पाहून लेखनिक ती नोंद वेगळी करू शकतो.

बँक खात्याबाबत एक खाचखळगा आहे. फी वडिलांच्या खात्यातून ऑनलाइन भरली असेल तर काही महाविद्यालये परतावा त्याच खात्यात देतात, कारण लेखापरीक्षणात तसे दाखवणे सोपे जाते. विद्यार्थ्याच्या खात्यात हवे असेल तर वडिलांचे दोन ओळींचे संमतिपत्र आधीच जोडा. पंधरा दिवसांनी ते मागितले जाण्यापेक्षा हे बरे. पावत्यांच्या प्रतींवर स्वतः सही करा. मूळ पावती दाखवायला सांगितली तर दाखवा, पण प्रत जवळ ठेवल्याशिवाय ती हातातून सोडू नका.

देताना आणि नंतर

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. थेट लेखा विभागात नेऊन ‘मॅडम, एवढे बघा ना’ म्हणून ठेवलेला अर्ज कधी आलाच नव्हता, असेही होऊ शकते. त्याच दिवशी प्राचार्यांच्या अधिकृत ईमेलवर स्कॅन पाठवा. मार्चचा शेवटचा आठवडा आणि प्रवेशाचे दिवस शक्य असल्यास टाळा, कारण तेव्हा लेखा विभागाला मान वर करायला वेळ नसतो.

दहा-बारा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन जा आणि ‘माझे पैसे कधी मिळतील?’ असे विचारू नका. ‘सर, माझी टिपणी तयार झाली का? फाइल सध्या कोणाकडे आहे?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘बघतो’ एवढे उत्तर पुरते, दुसऱ्याला टेबलाचे नाव सांगावे लागते. मग त्या टेबलापर्यंतच पाठपुरावा करा.

महिनाभरात काहीच झाले नाही तर स्मरणपत्र द्या. त्यात नवीन काही लिहायचे नाही: पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक, तारीख, तीच रक्कम आणि ‘अद्याप उत्तर नाही’. आकडा बदलू नका, व्याज मिळवू नका. त्यावरही गप्प राहिले तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करा. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार ही समिती प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत असावी लागते आणि तिने तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. तिथे तुमच्या हाती पोच असलेला अर्ज, पोच असलेले स्मरणपत्र आणि सुरुवातीपासून न बदललेला आकडा असेल, तर समितीला फारसे विचारायचे उरत नाही.

त्या मुलाला समितीपर्यंत जावे लागले नाही. खतावणीचा उतारा काढताना त्याचा हप्ता सापडला. दुसरा हप्ता आल्यावर त्याने नवा अर्ज लिहिला नाही. जुन्या अर्जाचा आवक क्रमांक आणि वितरणाची नवी प्रिंट जोडून चार ओळींचे पत्र दिले.